ड्रायव्हरचा चेंडू वर का उठत नव्हता: आयर्नच्या सवयीचे एक प्रकरण

गोल्फमध्ये ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यांत लांब मारायच्या क्लबने, मारलेला चेंडू जमिनीलगत सुटतो अशी तक्रार घेऊन कुणी आला, की सरावाच्या रेंजवरचा प्रत्येक माणूस त्याला एकच सल्ला देतो: चेंडूखालची खुंटी, म्हणजे टी, उंच कर. सल्ला चुकीचा नाही, पण तेवढ्याने काम भागेलच असे नाही. या प्रकरणातल्या गृहस्थांनी तो आधीच ऐकला होता, करूनही पाहिला होता, आणि दोन-तीन चेंडू डोक्यावर सरळ आकाशात गेल्यावर टी पुन्हा खाली ठोकून ते जुन्याच पद्धतीवर परतले होते. मी रेंजवर नवशिक्यांना शिकवतो. असे लोक पुष्कळ येतात. हे प्रकरण निवडले, कारण यात टीची उंची, चेंडूची जागा आणि खांद्यांची ठेवण या तिन्ही गोष्टी एकमेकींत कशा अडकलेल्या असतात ते एकाच माणसात पाहायला मिळाले.

गृहस्थ उजव्या हाताने खेळणारे, अंगाने धडधाकट, खेळ सुरू करून काही महिने झालेले. जमिनीवरच्या चेंडूसाठीचे सात नंबरचे आयर्न बऱ्यापैकी मारत. चेंडूला आधी स्पर्श, मग पुढे गवताचा पातळ तुकडा उडतो, इतपत त्यांचे आयर्न बसलेले होते. ड्रायव्हर १०.५ अंश लॉफ्टचा, म्हणजे मारायची बाजू तेवढी मागे कललेला, नेहमीच्या लांबीचा. चेंडू मात्र फारसा वर जायचा नाही, थोडा वेळ तसाच तरंगायचा आणि खाली येऊन घरंगळत राहायचा. कोरड्या जमिनीवर तो घरंगळून बराच लांब जाई, म्हणून काही दिवस त्यांना यात काही बिघडले आहे असे वाटलेच नव्हते. ओल्या गवतावर खेळायची वेळ आली तेव्हा फरक कळला.

पहिली पाहणी

लाँच मॉनिटरवर त्यांचे आकडे असे आले: क्लबहेडचा वेग ताशी सुमारे ८५ मैल, चेंडूचा वेग सुमारे ११८ मैल, लाँच अँगल, म्हणजे चेंडू सुटतानाचा चढ, ६ अंशांच्या आसपास, अटॅक अँगल उणे ४, हवेतले अंतर जेमतेम १४५ ते १५० यार्ड. अटॅक अँगल उणे म्हणजे चेंडूला लागताना क्लबहेड खाली जात होते. अधिक असता तर ते वर येत असते.

८५ मैलांच्या वेगाला साधारण १३ ते १५ अंशांचा लाँच लागतो. त्यांचा निम्म्याहूनही कमी होता. इथे एक गैरसमज आधीच काढून टाकतो. पुरुष व्यावसायिकांचा सरासरी लाँच ११ अंशांच्या आसपास असतो आणि त्यांच्यातले कित्येक ड्रायव्हरने किंचित खालीच मारतात, हे पाहून नवशिके म्हणतात, मग मी खाली मारले तर काय बिघडले? त्यांचा क्लब ताशी ११३ मैलांहून जास्त वेगाने फिरतो. तेवढ्या वेगाला कमी लाँच परवडतो. आपल्यासारख्यांनी पाहायचे असेल तर एलपीजीएच्या, म्हणजे व्यावसायिक महिलांच्या स्पर्धांतल्या, खेळाडूंकडे पाहावे. त्यांचा वेग ९४ मैलांच्या आसपास, अटॅक अँगल सुमारे अधिक ३ आणि लाँच सुमारे १३ अंश. कमी वेगात चेंडू लांब कसा न्यायचा हे त्या रोज करून दाखवतात.

आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट मात्र मार्करने दाखवली. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर एक जाड ठिपका काढला, ठिपका क्लबच्या मारायच्या बाजूकडे, म्हणजे फेसकडे, येईल असा चेंडू टीवर ठेवला आणि मारायला सांगितले. फेसवर शाईचा ठसा उमटतो. पुसायचा आणि पुढचा मारायचा. आठ-दहा चेंडूंत चित्र स्पष्ट झाले. जवळजवळ सगळे ठसे फेसच्या मध्याखाली, सोलपासून, म्हणजे क्लबहेडच्या बुडापासून, दोन बोटांच्या आत होते. आडवे पाहिले तर ठीक मध्यावर होते. म्हणजे हील-टोची काही तक्रार नव्हती, फक्त उंचीची होती.

हा ठसा पाहिल्याशिवाय मी कुणाच्याही टीला हात लावत नाही. खाली सुटणारा चेंडू दोन वेगळ्या कारणांनी खाली सुटतो. एक, तो फेसच्या खालच्या भागाला लागतो. दोन, तो मध्यावर किंवा वरही लागतो, पण त्या क्षणी फेसच झाकलेला असतो, कारण हात फार पुढे गेलेले असतात. पहिल्याला टी उंच करून लगेच फरक पडतो. दुसऱ्याला टी उंच केली तर चेंडू क्लबहेडच्या माथ्याला, म्हणजे क्राउनला, लागून आकाशात जातो. या गृहस्थांना दोन्ही कारणे थोडी थोडी लागू होती. म्हणूनच नुसत्या टीच्या सल्ल्याने त्यांचे भले झाले नव्हते.

६ अंश आले कुठून

ड्रायव्हरवर १०.५ लिहिलेले असते ते फेसच्या मध्याचे. ड्रायव्हरचा फेस वरून खाली सपाट नसतो, थोडा गोलसर असतो. मध्याच्या वर लॉफ्ट जास्त, खाली कमी. ही गोलाई साधारण एक फूट त्रिज्येची धरली, तर मध्यापासून १० मिलिमीटर खाली गेल्यावर लॉफ्ट जवळजवळ २ अंशांनी घटतो. म्हणजे चेंडू खाली लागताच हातातला साडेदहाचा ड्रायव्हर साडेआठचा झाला. त्यात खाली लागलेल्या चेंडूला क्लबहेडच्या फिरण्यामुळे मागचा स्पिन जास्त मिळतो, आणि मध्याच्या वर लागलेल्याला कमी. कमी लाँच आणि जास्त स्पिन ही जोडगोळी ड्रायव्हरसाठी सगळ्यांत वाईट. चेंडू नीट उठतही नाही आणि हवेत त्याचा वेगही लवकर मरतो.

दुसरा वाटा हातांचा. आघाताच्या क्षणी त्यांचे हात चेंडूच्या बरेच पुढे होते, अगदी आयर्नसारखे. शाफ्ट पुढे कलला की लॉफ्ट आणखी घटतो. चांगल्या स्विंगमध्ये ड्रायव्हरचा शाफ्ट आघाताआधी पुढच्या बाजूला वाकतो आणि क्लब वर येत असतो, त्यामुळे प्रत्यक्ष आघाताच्या वेळी लॉफ्ट छापलेल्या आकड्यापेक्षा दोन-तीन अंश जास्तच भरतो. ही वाढ त्यांना मिळतच नव्हती. आघाताचा लॉफ्ट ८ अंशांच्या आसपास राहत होता.

लाँच अँगल मुख्यतः याच लॉफ्टवर ठरतो. ड्रायव्हरच्या बाबतीत ढोबळ वाटणी अशी: ८५ टक्के आघाताच्या लॉफ्टची, १५ टक्के अटॅक अँगलची. ८ च्या ८५ टक्के ६.८. त्यातून उणे ४ च्या १५ टक्क्यांचे ०.६ गेले. उरले ६.२. मॉनिटर तेच सांगत होता.

टी किती उंच होती

त्यांची टी पाहिली तर जमिनीपासून चेंडूच्या बुडापर्यंत उंची २० मिलिमीटरच्या आसपास. एवढी खाली का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "अहो, रेंजवरच्या रबरी टीची सवय आहे." ते ज्या मॅटवर सराव करत तिथली रबरी टी ठराविक उंचीची, त्यात झिजून वरून वाकलेली. शिवाय मॅट टीच्या बुडापेक्षा जरा उंच होती. उभे राहायची जागा उंच असली की टी तेवढीच आणखी ठेंगणी होते, हे लक्षात येत नाही. मैदानावर गेल्यावर नजरेला तीच उंची बरोबर वाटे आणि ते लाकडी टी तेवढीच बाहेर ठेवत.

आता हिशेब. चेंडूचा व्यास जवळजवळ ४३ मिलिमीटर, म्हणजे त्याचे केंद्र बुडापासून २१ वर. टी २० ची असेल तर केंद्र जमिनीपासून ४१ वर आले. ड्रायव्हरच्या फेसचा मध्य सोलपासून ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. क्लबहेड जमीन घासत आले असते तर ४१ ची उंची मध्याच्याही वर लागली असती. पण टीवरच्या चेंडूला मारताना कुणी जमीन घासत नाही, निदान घासू नये. त्यांचा सोल आघाताच्या वेळी जमिनीपासून सुमारे २० मिलिमीटर वर असायचा. म्हणजे फेसचा मध्य ५० वर आणि चेंडूचे केंद्र ४१ वर. आघात मध्याच्या ९ मिलिमीटर खाली. शाईचे ठसे तिथेच होते.

टी ३८ मिलिमीटर केली, म्हणजे दीड इंच, तर चेंडूचे केंद्र ५९ वर जाते आणि तोच स्विंग मध्याच्या ९ मिलिमीटर वर लागतो. ड्रायव्हर टेकवून ठेवल्यावर अर्धा चेंडू क्राउनच्या वर दिसावा असा जो नियम सांगतात, तो हीच उंची सांगतो. मापाला ७० मिलिमीटरची साधी टी पुरते. तिचा ३२ मिलिमीटर भाग जमिनीत जातो. घट्ट जमिनीत तेवढे पुरे, भुसभुशीत जागी ८३ मिलिमीटरची लांब टी बरी. नियमाने टी १०१.६ मिलिमीटरपर्यंत लांब चालते, म्हणजे त्या बाबतीत काही अडचण नाही. मी त्यांच्या टीवर ३८ च्या खुणेला पेनने एक रेघ मारून दिली, रेघ जमिनीला टेकेपर्यंत ठोकायची. डोळ्यांचा अंदाज इथे फसवतो. जुन्या सवयीच्या डोळ्यांना ३८ ची टी अशक्य उंच वाटते.

फक्त टी बदलली तेव्हा

पहिल्या फेरीत मुद्दाम एवढीच गोष्ट बदलली. पायांची जागा, चेंडूची जागा, सगळे जसे होते तसे. लाँच ६ वरून ९ च्या वर गेला. गोलाईमुळे लॉफ्ट वाढला तेवढाच हा फरक. पण ठसे आता फेसभर पसरले. काही छान मध्याच्या जरा वर, काही अगदी वरच्या कडेला. दोन चेंडू तर क्राउनच्या धारेला लागले आणि समोर न जाता आकाशात चढले. क्राउनच्या रंगावर पांढरट ओरखडा आला. हेच त्यांना आधी एकटे असताना झाले होते आणि म्हणूनच त्यांनी टी खाली केली होती.

कारण अटॅक अँगल अजून उणे ४ च होता. टी उंच दिसली की अशा खेळाडूचे शरीर आणखी खाली वाकते, वरून टोला हाणल्यासारखा क्लब येतो आणि चेंडूच्या खाली शिरतो. क्राउनवरचा ओरखडा पाहून लोक टीला दोष देतात. खरे तर तो ओरखडा टीच्या उंचीपेक्षा उतरत्या क्लबची खूण असतो. तेव्हा टी तशीच ठेवली आणि चेंडूकडे वळलो.

चेंडू पुढे

चेंडू त्यांच्या दोन्ही पायांच्या जवळजवळ मधोमध होता, सात नंबरसाठी असतो तिथेच. त्यांना शिकवताना कुणी तरी "चेंडू मध्ये, हात पुढे, खाली मारा" असे पक्के बिंबवले होते. आयर्नसाठी सोन्यासारखा सल्ला. ड्रायव्हरला तोच नडत होता, कारण आयर्नचा चेंडू जमिनीवर असतो आणि ड्रायव्हरचा हवेत.

स्विंग हा झोपाळ्यासारखा आहे. तो खाली येतो, एका जागी सर्वांत खाली असतो आणि तिथून वर चढतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा हा सर्वांत खालचा बिंदू डाव्या काखेच्या खाली, जरा इकडे तिकडे, येतो. चेंडू त्याच्या मागे ठेवला तर क्लब उतरत असताना लागतो, पुढे ठेवला तर चढत असताना. यांचा चेंडू या बिंदूच्या सुमारे १५ सेंटिमीटर मागे होता.

तो नेमका कुठे न्यायचा? डाव्या टाचेच्या आतल्या कडेसमोर. हे प्रत्येक वेळी नेमके यावे म्हणून पाय लावायची पद्धत बदलली. दोन्ही पाय जुळवून चेंडू त्यांच्या मधोमध येईल असे उभे राहायचे. मग डावा पाय फक्त चार बोटे डावीकडे सरकवायचा, आणि उजवा पाय मोठे पाऊल टाकून उजवीकडे न्यायचा, खांद्यांपेक्षा जरा रुंद उभे राहीपर्यंत. चेंडू आपोआप डाव्या टाचेच्या आत येतो. उलट आधी रुंद उभे राहून मग चेंडूच्या अंदाजाने सरकत गेले, तर तो दर वेळी थोडा मागे राहतो. सवय त्याला मध्यभागी ओढते.

यातून किती फरक पडतो याचा मी ढोबळ हिशेब करून ठेवला आहे. खांद्यापासून क्लबहेडपर्यंतची त्रिज्या दीड मीटरच्या थोडी वर आणि ड्रायव्हरचे तिरके प्रतल धरले, तर खालच्या बिंदूपासून दर १० सेंटिमीटरला अटॅक अँगल अडीच अंशांच्या आसपास बदलतो. १५ मागून १० पुढे आले की ६ अंशांची उलटापालट. आणि तेवढ्या अंतरात क्लब हातांच्या पुढे येऊ लागतो, म्हणून आघाताचा लॉफ्टही वाढतो. चेंडू पुढे घेण्याचा मोठा फायदा हा लॉफ्टच आहे. अटॅक अँगलचा वाटा पंधरा टक्के, हे विसरू नये.

याच हिशेबातली दुसरी गोष्ट मला स्वतःला फार उपयोगी वाटते. खालच्या बिंदूपासून १० सेंटिमीटर पुढे क्लबहेड किती वर चढलेले असते? फक्त २ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे चेंडू एवढा पुढे घेतल्याने आघाताची उंची जवळजवळ बदलत नाही. पण ३० सेंटिमीटर पुढे तेच क्लबहेड २० मिलिमीटर वर गेलेले असते. हा २० चा आकडा पुढे लागणार आहे.

चेंडू पुढे घेतल्यावर पहिले काही चेंडू पाहण्यासारखे होते. उंची मिळाली, लाँच ११-१२ वर आला, आकाशात जाणारे चेंडू बंद झाले. पण सगळे उजवीकडे वळू लागले. लांबलचक स्लाइस. गृहस्थ वैतागले. "हे काय नवीन?"

नवीन नव्हते, अपेक्षितच होते. चेंडू पुढे गेला, हात त्याच्यापर्यंत पोचवण्यासाठी उजवा खांदा पुढे आला आणि दोन्ही खांदे लक्ष्याच्या डावीकडे उघडले. त्यांच्या छातीवर एक काठी आडवी धरून दाखवली, तेव्हा काठीचे टोक लक्ष्यापासून कितीतरी डावीकडे पाहत होते. अशा खांद्यांतून क्लब बाहेरून आत येतो, फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे वळतो. त्यात वर चढत असलेला क्लब कमानीत आधीच डावीकडे वळू लागलेला असतो, त्याचीही थोडी भर. बहुतेक जण या टप्प्यावर चेंडू पुन्हा मागे घेतात. स्लाइस कमी होते आणि खाली सुटणारा चेंडू परत येतो. मग वर्षभर या दोन दुखण्यांच्या मध्ये हेलकावे.

उजवा खांदा

उपाय खांदे उघडण्याऐवजी कलवण्याचा. पाय लावून झाले, की उजवा हात क्षणभर ग्रिपवरून सोडायचा, उजवी मांडी गुडघ्याच्या वर बाहेरून चाचपायची आणि तसाच खांदा खाली ठेवून हात ग्रिपवर आणायचा. एवढ्याने उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली जातो, छातीचे हाड चेंडूच्या मागे येते आणि सदऱ्याच्या गुंड्यांची ओळ चेंडूच्या मागच्या गवताकडे रोखलेली दिसते. छातीवरची काठी आता लक्ष्याला समांतर येते, फक्त तिचे डावे टोक वर असते. हात पट्ट्याच्या बकलासमोर. आयर्नसारखे डाव्या मांडीसमोर नाहीत. क्लबहेड चेंडूला चिकटवून न ठेवता दोन-तीन बोटे मागे ठेवले, तर ही ठेवण सहज राहते.

हा बदल चांगला बसला, आणि मग नेहमीप्रमाणे जास्त झाला. कलायचे म्हटल्यावर त्यांनी सगळे वजन उजव्या पायावर टाकून ठेवले आणि मारताना तिथेच राहिले. चेंडू वर उचलायला जायचे आणि मागे झुकायचे, ही नवशिक्याची अगदी स्वाभाविक ओढ असते. निकाल असा, की एक चेंडू १४ अंशांनी सुटे आणि पुढचा ५ अंशांनी. शाईचे ठसे पुन्हा फेसच्या तळाशी. त्यांना वाटले, टी परत खाली गेली की काय. टी रेघेवरच होती.

मी गवत दाखवले. टीच्या फूटभर मागे सोलने गवताचे शेंडे खरचटल्याची ताजी खूण होती. वजन मागे राहिल्याने खालचा बिंदूच तिथे सरकला होता. मगाचा तो २० चा आकडा इथे आला: क्लबहेड तिथे शेंडे घासून चेंडूपर्यंत पोचेपर्यंत आणखी २० मिलिमीटर वर चढत होते. टी १८ मिलिमीटर उंच करून जे कमावले होते, ते सगळे इथे खर्च झाले. मॉनिटरवर अटॅक अँगल मात्र झकास अधिक ६ वगैरे दिसत होता. फक्त तो आकडा पाहणाऱ्याला वाटावे, गाडी रुळावर आली. ठसा पाहिला नसता तर आम्हीही फसलो असतो.

यावर सराव साधा ठेवला. चेंडू काढून घ्यायचा, नुसती टी ठेवायची आणि तिच्या मागे पंजाभर अंतरावर गवताला जेमतेम पुसट स्पर्श होईल असा स्विंग करायचा. स्पर्श टीच्या पुढे झाला तर जुने उतरते मारणे परतले, फूटभर मागे झाला तर वजन उजव्या पायावर अडकले. शेवटी पट्ट्याचे बकल लक्ष्याकडे आणि उजव्या पायाची फक्त बोटे जमिनीला टेकलेली, एवढीच तपासणी. उजवी टाच शेवटपर्यंत जमिनीवर असेल तर वजन गेलेच नाही. डोके मात्र चेंडूच्या मागेच राहते, ते पुढे ढकलायचे नाही. शरीराचा खालचा भाग पुढे जातो आणि छाती मागे राहते, ही दोन्ही कामे एका वेळी जमायला त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागला. टी आणि चेंडूची जागा तर एका बैठकीत बदलली होती.

जिथे येऊन थांबलो

काही आठवड्यांनी पुन्हा मॉनिटरवर उभे केले तेव्हा क्लबचा वेग तोच, ताशी ८५ मैल. अटॅक अँगल अधिक २ च्या आसपास, आघाताचा लॉफ्ट १५, लाँच १३. चेंडूचा वेग १२३ मैलांवर गेला, कारण आघात आता फेसच्या जिवंत भागाला होता, मध्याच्या ६-७ मिलिमीटर वर. हवेतले अंतर १८५ यार्डांच्या जवळपास. एकूण अंतर मात्र तेवढे वाढले नाही, कारण आधीचा जमिनीलगतचा चेंडू घरंगळत जाऊन बरीच भरपाई करत होता. कडक, वाळलेल्या मैदानावर दोन्हींतला फरक आणखी कमी दिसेल, आणि समोरून जोराचा वारा असेल तर ते आजही मुद्दाम टी थोडी खाली ठोकतात. फायदा दिसतो तो ओल्या गवतावर आणि टीसमोर पाणी किंवा बंकर असेल तिथे.

सगळेच चेंडू असे जातात असे नाही. दमले की उजवा खांदा पुन्हा पुढे येतो आणि स्लाइस डोकावते. मॅटवरची रबरी टी बदलून घेता येत नव्हती. त्यावर त्यांनी असे ठरवले, की ड्रायव्हरचा सराव गवताच्या टोकाला जागा मिळेल तेव्हाच करायचा आणि मॅटवर फक्त आयर्न मारायचे. मला हा निर्णय पटला. ठेंगण्या टीवर रोज शंभर चेंडू मारून शरीर जे शिकते, ते विसरायला पुन्हा तेवढेच चेंडू लागतात.

लॉफ्टचा प्रश्न

त्यांनी मध्येच एकदा विचारले होते, एवढा खटाटोप करण्यापेक्षा ड्रायव्हरची मान फिरवून लॉफ्टच १२ केला तर? प्रश्न रास्त होता. पहिल्या दिवशी हे केले असते तर लाँच एखाद-दीड अंशाने वाढला असता आणि ठसे फेसच्या तळाशीच राहिले असते. कमी वेग आणि जास्त स्पिन ही दोन्ही दुखणी तशीच. म्हणून तेव्हा हात लावला नाही.

शेवटी मात्र करून पाहिले. अशा समायोज्य ड्रायव्हरमध्ये लॉफ्ट वाढवला की टेकवल्यावर फेस थोडा बंद दिसतो. स्लाइसकडे ओढ असलेल्या माणसाला ते सोयीचे पडते. लाँच १४ च्या वर गेला, स्पिन किंचित वाढला, हवेतले अंतर होते तेवढेच राहिले. चेंडू उजवीकडे जाणे कमी झाले, पण चांगला बसलेला चेंडू आता डावीकडे ओढला जाऊ लागला. गृहस्थांनी दोन्ही प्रकारचे चेंडू मारून पाहिले, थोडा वेळ विचार केला आणि मान फिरवून ती १०.५ वर परत आणली. डावीकडे त्यांच्या मैदानावर हद्दीची रेषा जवळ आहे, उजवीकडे मोकळे गवत.